आजारपणामुळे अंतिम वर्षाची परीक्षा देता येत नसेल तर प्राचार्यांना अर्ज कसा करावा

प्रश्न: मी पुण्यात बी.एस्सी. तृतीय वर्षाला आहे, रसायनशास्त्र, सहावं सत्र. 4 मार्चला जीबीएस, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारामुळे ॲडमिट झाले, 19 तारखेला घरी आले, पुढची तपासणी 24 एप्रिलला आहे. अजून आधाराशिवाय उभं राहता येत नाही, पेन धरता येत नाही (हे भाऊ टाइप करतोय). अंतर्गत चाचणी बुडाली. 6 एप्रिलपासून प्रॅक्टिकल आणि 20 पासून थिअरी आहे. परीक्षेचा फॉर्म आधीच भरलेला आहे. परीक्षा पुढे ढकलून मिळावी म्हणून प्राचार्यांना पत्र द्यायचंय. काय लिहू आणि सोबत काय काय जोडू?

उत्तर:

संलग्न महाविद्यालयात बरीच वर्षं परीक्षेचं काम पाहिलंय. आमच्याकडे त्या पदाला सीईओ म्हणतात, म्हणजे कॉलेज एक्झामिनेशन ऑफिसर. पगार मात्र प्राध्यापकाचाच. त्या टेबलावर असे अर्ज दर सत्राला येतात आणि त्यातले बरेचसे एकाच कारणाने अडकतात. विद्यार्थी लिहितो, 'माझी परीक्षा पुढे ढकलावी', आणि ते प्राचार्यांच्या हातातच नसतं.

तुमचं कॉलेज स्वायत्त नसेल असं धरून लिहिते. संलग्न महाविद्यालयात थिअरीचं वेळापत्रक विद्यापीठ लावतं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे हे काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाचं आहे आणि त्याचे संचालक म्हणजे पूर्वीचे परीक्षा नियंत्रक. प्राचार्य मनात आणूनही 20 तारखेचा पेपर तुमच्यासाठी 21 ला घेऊ शकत नाहीत. त्यामुळे नुसतं 'पुढे ढकला' म्हटलेल्या अर्जावर 'विद्यापीठाच्या नियमानुसार' असा शेरा पडतो आणि कागद फाइलला लागतो. शेरा मारणाऱ्याची चूक नसते. मागणीच अशी केलेली असते की तिला हो म्हणता येत नाही.

म्हणून आधी तुमच्या परीक्षेचे तीन तुकडे करा. तिन्हींचा मालक वेगळा आणि मुदतही वेगळी.

पहिला तुकडा अंतर्गत चाचणीचा. हा पूर्णपणे कॉलेजच्या हातात आहे, विभागप्रमुख आणि प्राचार्य मिळून ठरवू शकतात. आणि सगळ्यात घाई याचीच आहे, जरी तुम्हाला तसं वाटत नसलं तरी. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची एक शेवटची तारीख असते. ती उलटली की तुमच्या नावासमोर 'अनुपस्थित' जातं, आणि मग ते बदलायला कॉलेजलाच विद्यापीठाकडे अर्ज, खुलासा, दंड असं सगळं करावं लागतं. ती तारीख कधी आहे, हे भावाला आजच फोन करून परीक्षा विभागाला विचारायला सांगा. चाचणी लेखीच हवी असंही नसतं. हाताला पकड नसेल तर तोंडी परीक्षा किंवा घरून ऑनलाइन सादरीकरण घेऊन गुण देता येतात का, हे विभागप्रमुखांना विचारा. अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकार कोणते दिलेत त्यावर ते ठरेल, पण बऱ्याच ठिकाणी तोंडी परीक्षा आणि सेमिनार त्यात असतात. तुमचा आवाज आणि डोकं शाबूत आहे, तेव्हा हे गुण आत्ताच पदरात पाडून घ्या. पुढच्या सत्रावर ढकलण्यात काहीच फायदा नाही.

दुसरा तुकडा प्रॅक्टिकलचा. इथे निम्मा अधिकार कॉलेजचा. परीक्षा कॉलेजात होते पण बाहेरचा परीक्षक विद्यापीठाने नेमलेला असतो. 6 ते 10 एप्रिल असं वेळापत्रक असेल तर त्या पाच दिवसांत तुमची बॅच सोमवारऐवजी शुक्रवारी करून देणं विभागप्रमुखांना सहज जमतं. 10 तारीख उलटून परीक्षक परत गेले की मग विद्यापीठाची परवानगी लागते. तुमच्या बाबतीत मात्र बॅच बदलून काही साधणार नाही. ब्युरेट धरून टायट्रेशन करायचं तर उभं राहावं लागतं, आणि प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्यांमध्ये पाय लटपटत असताना उभं राहणं हे तुमच्यासाठी आणि शेजारच्यासाठीही धोक्याचं. तेव्हा प्रॅक्टिकल पुढच्या संधीला ठेवण्याची मागणी करा.

तिसरा तुकडा थिअरीचा, आणि तो सर्वस्वी विद्यापीठाचा. स्पष्टच सांगते, एका विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ वेगळा पेपर काढत नाही. 'परीक्षा पुढे जाणं' याचा प्रत्यक्षातला अर्थ, पुढच्या परीक्षेला, म्हणजे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरला, बॅकलॉगच्या विद्यार्थ्यांबरोबर हे पेपर देणं. अंतिम वर्षासाठी मधेच पुरवणी परीक्षा असेल तर त्याआधी. मग पत्र कशाला द्यायचं, असं तुम्ही विचाराल. कारण पत्र नसेल तर तुम्ही नुसत्या गैरहजर असता. पत्र असेल तर गैरहजेरी आजारपणामुळे होती याची आवक क्रमांकासह नोंद राहते, हजेरी कमी भरल्याचा प्रश्न सोडवता येतो, मिळवलेले अंतर्गत गुण पुढे धरले जातात, आणि उद्या एम.एस्सी.च्या प्रवेशाला किंवा नोकरीत कोणी 'वर्ष का लांबलं' म्हणून विचारलं तर कॉलेजचा दाखला हातात असतो. पहिल्या प्रयत्नाचा मुद्दाही आहे: बऱ्याच विद्यापीठांत गुणवत्ता यादीसाठी सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात सुटावे लागतात. तुम्ही त्या स्पर्धेत असाल तर ही गैरहजेरी प्रयत्न म्हणून धरू नये, अशी विनंती पत्रात घाला. मान्य होईलच असं नाही, पण आत्ता मागितलं नाही तर निकालानंतर कोणी ऐकत नाही.

आता पत्र. नमुना खाली देते. तारखा तुमच्याच घेतल्यात, नावं आणि क्रमांक तुम्ही भरा.

---

दि. 27 मार्च 2026

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव), पुणे

विषय: गंभीर आजारपणामुळे एप्रिल 2026 च्या सत्र 6 परीक्षेस बसू शकत नसल्याबाबत, अंतर्गत चाचणी पर्यायी पद्धतीने घेण्याबाबत व प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षेसाठी अर्ज शिफारशीसह विद्यापीठाकडे पाठविण्याबाबत.

महोदय,

मी, अ. ब. क., आपल्या महाविद्यालयात तृतीय वर्ष बी.एस्सी. (रसायनशास्त्र) वर्गात शिकत आहे. माझा पीआरएन _____ व हजेरी क्रमांक _____ आहे. सत्र 6 चा परीक्षा अर्ज व शुल्क मी दि. _____ रोजी भरले आहे.

मला दि. 4 मार्च 2026 रोजी गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारामुळे (रुग्णालयाचे नाव) येथे दाखल करण्यात आले. दि. 19 मार्च रोजी मला घरी सोडण्यात आले. सध्या मला आधाराशिवाय उभे राहता येत नाही व हातांची पकड कमकुवत असल्याने लिहिता येत नाही. डॉक्टरांनी विश्रांती व नियमित फिजिओथेरपीचा सल्ला दिला असून पुढील तपासणी दि. 24 एप्रिल रोजी आहे.

या कारणाने माझी पुढीलप्रमाणे विनंती आहे.

1. माझी राहून गेलेली अंतर्गत चाचणी, गुण पोर्टलवर भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी, तोंडी किंवा अन्य मान्य पद्धतीने घेण्यात यावी.

2. दि. 6 एप्रिलपासूनची प्रात्यक्षिक परीक्षा व दि. 20 एप्रिलपासूनची लेखी परीक्षा मी देऊ शकत नाही. या परीक्षांना पुढील सत्रात बसण्याची परवानगी मिळावी, ही अनुपस्थिती वैद्यकीय कारणास्तव असल्याची नोंद घ्यावी व ती प्रयत्न म्हणून धरू नये, यासाठी माझा हा अर्ज आपल्या शिफारशीसह मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्याकडे पाठविण्यात यावा.

3. दि. 4 मार्चपासूनची माझी गैरहजेरी वैद्यकीय कारणास्तव ग्राह्य धरून माझे सत्र मान्य करण्यात यावे.

4. भरलेले परीक्षा शुल्क नियमात बसत असल्यास पुढील परीक्षेसाठी धरण्यात यावे.

प्रकृती सुधारताच डॉक्टरांचे फिटनेस प्रमाणपत्र मी सादर करीन. मला प्रत्यक्ष येणे शक्य नसल्याने हा अर्ज माझे वडील श्री. _____ यांच्यामार्फत देत आहे. मूळ कागदपत्रे त्यांच्याजवळ पडताळणीसाठी आहेत.

आपली विश्वासू,
(सही किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
अ. ब. क.
भ्रमणध्वनी: _____ पालकांचा भ्रमणध्वनी: _____

सोबत:
1. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, दि. 26 मार्च 2026 (1 पान)
2. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दि. 19 मार्च 2026 (3 पाने)
3. परीक्षा अर्ज व शुल्क पावतीची प्रत (2 पाने)
4. महाविद्यालयाच्या ओळखपत्राची प्रत (1 पान)
5. वडिलांच्या नावे अधिकारपत्र व त्यांच्या आधार कार्डाची प्रत (2 पाने)

---

पत्रातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्यात. विषयाची ओळ लांबलचक वाटेल, पण आवक-जावक रजिस्टरात लिपिक तेवढीच ओळ उतरवतो आणि कुठल्या टेबलाला कागद जायचा हे त्यावरून ठरतं. 'रजेबाबत' असं लिहिलंत तर अर्ज हजेरीच्या टेबलावर जाऊन बसेल. मागण्यांना क्रमांक दिलेत ते यासाठी, की प्राचार्य एक मान्य, दोन विद्यापीठाकडे, चार नामंजूर असा शेरा मारू शकतात. सगळं एका परिच्छेदात कालवलं की एका नकारात सगळं जातं.

बऱ्या होण्याची तारीख पत्रात लिहिलेली नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. जीबीएसमध्ये हातापायांतली ताकद परत यायला महिने लागू शकतात आणि कुठलाही शहाणा न्यूरॉलॉजिस्ट आत्ता तारीख सांगणार नाही. तुम्ही 'मी 15 मेपर्यंत बरी होईन' असं लिहिलंत आणि झाला नाहीत, तर पुढच्या अर्जाच्या वेळी तुमचंच वाक्य तुमच्यासमोर येईल. त्याऐवजी पुढच्या तपासणीची तारीख द्या. तीही प्रमाणपत्रावर असलेलीच. आजाराचं वर्णन दोन ओळींत संपवलंय, कारण बाकीचं डिस्चार्ज कार्ड सांगतं. आणि पुण्यात तर 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात रुग्ण वाढल्यापासून या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. 'लहानपणापासून अभ्यासाची आवड', 'आईवडिलांची स्वप्नं' असले परिच्छेद काही जण घालतात. अर्ज वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, उलट मागणी दुसऱ्या पानावर जाते.

कागदपत्रांत सगळा भार डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. 'अमुक आजाराने ग्रस्त असून विश्रांतीचा सल्ला देत आहे' एवढं छापील वाक्य पुरत नाही. परीक्षा विभागातला माणूस त्यात तीन तारखा शोधतो: आजार कधीपासून, विश्रांती कधीपर्यंत आणि प्रमाणपत्र दिलं कधी. विश्रांतीचा काळ तुमच्या प्रॅक्टिकलच्या आणि थिअरीच्या तारखांना झाकतो का, हे तो वेळापत्रक शेजारी ठेवून पाहतो. प्रमाणपत्रात 'दि. 15 एप्रिलपर्यंत विश्रांती' असेल तर 20 तारखेचा पेपर तुम्ही का दिला नाही, याला कागदावर उत्तरच उरत नाही. तुमची पुढची तपासणी 24 एप्रिलला आहे, म्हणजे निदान तोपर्यंत लिहिता-उभं राहता येणार नाही असं डॉक्टर नक्की लिहू शकतात. परीक्षा त्यापुढेही चालणार असेल तर वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या मते किती काळ विश्रांती लागेल ते त्यांनाच ठरवू द्या. 24 ला तपासल्यावर पुढच्या काळाचं दुसरं प्रमाणपत्र घेता येतं, आणि तसं दोन टप्प्यांत घेतलेलं प्रमाणपत्र जास्त खरं वाटतं.

डॉक्टरांना आणखी एक सांगा. निदान लिहिल्यावर त्याच्या खालच्या ओळीत, तुम्हाला काय करता येत नाही, ते लिहायला सांगा. 'दोन्ही हातांची पकड कमकुवत, लिहिता येत नाही. आधाराशिवाय उभे राहता येत नाही' हे वाक्य प्राचार्यांना आजाराच्या फ्रेंच नावापेक्षा जास्त उपयोगी पडतं. नाव परीक्षा अर्जावर आहे तसंच, पूर्ण. रुग्णालयात गडबडीत नुसतं पहिलं नाव-आडनाव लिहिलेलं असतं, वडिलांचं नाव नसतं, कधी आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं. डिस्चार्ज कार्डावर तसं झालं असेल तर प्रमाणपत्रावर नाव बरोबर घ्या आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक दोन्ही कागदांवर येऊ द्या, म्हणजे माणूस एकच आहे हे कळतं.

शिक्क्यात डॉक्टरांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवाच. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत तो प्रमाणपत्रावर देणं बंधनकारक आहे, आणि दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवून प्रत जपून ठेवणंही. म्हणून शंका आली तर आम्ही सरळ रुग्णालयाला फोन लावून विचारतो. मागची तारीख टाकून आणलेली, ओळखीच्या दवाखान्यातली प्रमाणपत्रं इथेच उघडी पडतात. तुमचा आजार खरा आहे आणि ते कागदावर आहे, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही. पण म्हणूनच उपचार ज्यांनी केले त्याच न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र घ्या. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडून 'सोय' म्हणून घेऊ नका, मग तारखा जुळत नाहीत. रुग्णालय कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याच नियमांत रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात असंही आहे. लेखी मागा आणि पोच घ्या.

एवढं असल्यावर बाकीची चळत जोडू नका. रक्ताचे रिपोर्ट, नर्व्ह कंडक्शनची पानं, औषधांची बिलं यातलं काहीही प्राचार्य वाचणार नाहीत. डिस्चार्ज कार्डात निदान, इम्युनोग्लोब्युलिनचे पाच दिवसांचे डोस, अतिदक्षता विभागातले दिवस हे सगळं आलेलं असतं, आणि आजार किती गंभीर होता ते त्यावरून कळतं. बिलं फक्त आर्थिक मदतीसाठी वेगळा अर्ज करणार असाल तर. अर्ज लिपिक, अधीक्षक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि पुढे विद्यापीठात असा फिरतो, तेवढ्या हातांतून तुमचे रिपोर्ट जायला नकोत. (ज्यांचा आजार असा आहे की नाव सगळ्यांना कळायला नको, त्यांनी प्रमाणपत्र बंद पाकिटात घालून वर 'गोपनीय, फक्त मा. प्राचार्यांसाठी' असं लिहावं आणि अर्जात 'गंभीर आजार, तपशील सोबतच्या पाकिटात' एवढंच लिहावं. मानसिक आजाराच्या बाबतीत तर गोपनीयतेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे.)

जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला आणायला कोणी सांगितलं तर आधी लेखी मागणी दाखवा म्हणा. काही विद्यापीठं दीर्घ आजारात खासगी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर सरकारी डॉक्टरांची प्रतिस्वाक्षरी मागतात, ते खरंय. पण कोणी मागितलेली नसताना या अवस्थेत व्हीलचेअरवर बसून औंधच्या जिल्हा रुग्णालयात रांग लावण्याची गरज नाही.

सहीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार आहे. तुमची सही आत्ता वेडीवाकडी येईल आणि परीक्षा अर्जावरच्या सहीशी जुळणार नाही. वडिलांनी तुमच्या नावाने सही करू नये, ते खोटेपणात जातं. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्या, बाजूला 'आजारामुळे सही करता येत नाही' असं लिहा आणि त्याखाली डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. प्रमाणपत्र घ्यायला जाल तेव्हाच पत्राची प्रिंट सोबत न्या, म्हणजे एकाच फेरीत काम होतं. तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे अर्ज तुमचाच असायला हवा, वडील फक्त तो पोचवणारे. अधिकारपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही.

अर्ज तीन प्रतींत काढा: एक कॉलेजला, एक शिफारशीसह विद्यापीठाकडे जायला, एक तुमच्यासाठी. सोबतच्या कागदपत्रांच्या कॉलेजला प्रती द्यायच्या, प्रत्येक प्रतीवर 'मूळ प्रतीवरून सत्यप्रत' म्हणून तुमचा ठसा. मूळ कागद दाखवायचे आणि परत आणायचे. डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत कोणालाही सोपवू नका, विम्याच्या दाव्यालाही तीच लागते. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय वडिलांनी काउंटर सोडू नये. 'सरांच्या हातात दिलंय' याला नंतर काही किंमत राहत नाही, सरांची बदली होते किंवा सर सुट्टीवर असतात. त्याच दिवशी अर्जाची स्कॅन प्रत तुमच्या नोंदणीकृत ईमेलवरून कॉलेजच्या आणि परीक्षा विभागाच्या पत्त्यावर पाठवून ठेवा.

आणि हे सगळं 6 एप्रिलच्या आत. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी दिलेला अर्ज आणि निकाल लागल्यावर दिलेला अर्ज, दोन्हींत कागदपत्रं तीच असतात, तरी दुसऱ्याकडे संशयानेच बघितलं जातं.

अर्ज दिल्यावर चार-पाच दिवसांनी भावाने कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारायचा: विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक काय? 'पाठवतो, झालंच' हे उत्तर म्हणजे पाठवलेलं नाही. जावक क्रमांक मिळाला की तो सांगून विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौकशी करता येते, नाहीतर तिथे तुमचा कागद सापडत नाही.

आता एक पर्याय, जो बरेच जण धरतात आणि पस्तावतात. 'बघू, एखादा पेपर देऊन पाहते.' एका बाजूने त्यात तथ्य आहे: सुटलेला विषय सुटलेलाच राहतो, पुढे ओझं कमी होतं. पण प्रमाणपत्रात 'एप्रिलअखेर पूर्ण विश्रांती, लिहिता येत नाही' असं असताना 22 तारखेच्या पेपरला तुमची हजेरी लागली, तर बाकीच्या पेपरांसाठी केलेल्या अर्जाचा पाया गेला. विद्यापीठ विचारणार, त्या दिवशी लिहिता आलं तर 24 ला का नाही? म्हणून द्यायचं तर ठरवून द्या. त्यासाठी लेखनिकाचा वेगळा अर्ज करावा लागतो. हाताने लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळू शकतो, तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक शिक्षणाने तुमच्यापेक्षा खालचा हवा आणि लिहिता येत नसल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी सरकारी रुग्णालयाचा मागतात. माझं मत विचाराल तर रसायनशास्त्रात हे तुमच्यासाठी गैरसोयीचं आहे. बेंझिनच्या कड्या आणि रिॲक्शनचे बाण दुसऱ्याला तोंडी सांगून काढून घेणं सरावाशिवाय जमत नाही, आणि चार तास ताठ बसायचं बळ तुमच्या पाठीत आत्ता आहे का, ते डॉक्टरांना विचारा. मी तुमच्या जागी असते तर अंतर्गत गुण आत्ता घेतले असते आणि बाकी सगळं एकत्र पुढच्या परीक्षेला ठेवलं असतं.

कॉलेज स्वायत्त असेल तर गणित बदलतं. तिथे परीक्षा कॉलेजच घेतं, परीक्षा नियंत्रक कॉलेजातच बसतात, आणि विशेष परीक्षेची तरतूद त्यांच्या नियमावलीत असू शकते. मग दुसऱ्या मागणीत संचालकांऐवजी परीक्षा नियंत्रकांचं नाव घाला आणि 'नियमावलीतील तरतुदीनुसार विशेष परीक्षा घ्यावी' असं सरळ मागा.

निकाल लागेल तेव्हा गुणपत्रिकेत प्रॅक्टिकल आणि थिअरीसमोर अनुपस्थितीची खूण दिसेल, निकालात 'अनुत्तीर्ण' असंही येईल. घाबरू नका, संगणक अर्ज वाचत नाही. फक्त अंतर्गत गुण बरोबर चढलेत का, एवढं पाहा. तिथेही अनुपस्थित दिसत असेल तर पोच घेतलेली प्रत घेऊन लगेच परीक्षा विभागात जा, दुरुस्तीला ठरावीक दिवसच असतात. पुढच्या परीक्षेचा फॉर्म तुम्हाला बॅकलॉगचा म्हणून नव्याने भरावा लागेल, तो आपोआप भरला जात नाही, मग परवानगीचं पत्र आलेलं असो वा नसो. त्या फॉर्मच्या वेळी फिटनेस प्रमाणपत्र त्याच न्यूरॉलॉजिस्टकडून घ्या आणि त्यावरची तारीख आधीच्या विश्रांतीच्या काळानंतरची आहे, एवढं बघून कॉलेजात जमा करा.